पाहून की क्लिक करून? व्हिडिओ जाहिरातीचे श्रेय

क्लिक-आधारित खरेदी : ग्राहक जाहिरातीवर क्लिक करतो आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी करतो. गुगल ॲड्समध्ये ही मुदत बदलली नाही, तर 30 दिवस असते.

व्ह्यू-थ्रू खरेदी : जाहिरात पडद्यावर आली, पण क्लिक झाले नाही. नंतर ग्राहक स्वतःहून संकेतस्थळावर आला आणि त्याने खरेदी केली. मूळ मुदत 1 दिवस. गुगल हा आकडा मुख्य ‘कन्व्हर्जन्स’ रकान्यात धरत नाही, वेगळा दाखवतो.

मधला प्रकार : ‘स्किप’ करता येणारी जाहिरात किमान 10 सेकंद पाहिली, क्लिक केले नाही आणि 3 दिवसांत खरेदी केली. ही खरेदी मात्र मुख्य रकान्यात मोजली जाते.

काल्पनिक उदाहरण : लक्ष्मी रस्त्यावरचे एक साडी दुकान दिवाळीआधी यूट्यूबवर जाहिरात देते. पुण्यातल्या सारख्याच ग्राहकांचे 10,000 जणांचे दोन गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले. जाहिरात दाखवलेल्या गटात 120 जणांनी ऑनलाइन साडी घेतली, न दाखवलेल्या गटात 100 जणांनी. अहवालात व्ह्यू-थ्रू खरेदी 60 दिसते, क्लिकची 8. जाहिरातीमुळे वाढलेली खरेदी 20 आहे. म्हणजे व्ह्यू-थ्रूने सणाला येणारच होते असे नेहमीचे ग्राहकही मोजले. क्लिकने पाहून नंतर आलेले सोडले.

जाहिरात पाहून थेट दुकानात येऊन रोखीने घेतलेली साडी मात्र यांपैकी कोणत्याही आकड्यात आपोआप येत नाही.