छतातलं पाणी आणि सेक्रेटरींना पत्र

बाथरूमच्या छतावर आधी रुपयाएवढा तपकिरी डाग दिसतो. महिन्याभरात तो ताटलीएवढा होतो, कडेने पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं (ती बुरशी नसते, पाण्याबरोबर काँक्रीटमधून उतरलेले क्षार असतात), मग रंगाचे पोपडे येतात आणि एके दिवशी अंघोळ करताना मानेवर गार थेंब पडतो. वरच्या मजल्याची बेल वाजते ती साधारण त्याच दिवशी. वरचे गृहस्थ खाली बोट दाखवून सांगतात, "अहो, आमची जमीन बघा, कोरडी खडखडीत आहे." ते खोटं बोलत नसतात. गळतीचं पाणी त्यांना दिसतच नाही, ते त्यांच्या लादीखालून जातं.

इथून पुढे दोन घरांचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापुरतं उरतं आणि भांडण सेक्रेटरींच्या दारात जातं. महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्या आदर्श उपविधींवर, म्हणजे रोजच्या भाषेत बायलॉजवर चालतात. गळतीची तक्रार आली की सेक्रेटरींनी कमिटीतल्या एखाद्या सदस्याला बरोबर घेऊन, आधी कळवून, संबंधित फ्लॅटमध्ये जाऊन पाहणी करायची आणि कमिटीला अहवाल द्यायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. अडचण एवढीच की जिन्यात अडवून सांगितलेली तक्रार ही नोंदलेली तक्रार नसते. सेक्रेटरी म्हणजे नोकरी सांभाळून, बिनपगारी, पंपाच्या बिघाडापासून पार्किंगच्या भांडणांपर्यंत सगळं बघणारा शेजारीच. "बघतो" म्हणतो आणि विसरतो. लेखी अर्ज आला की तो पुढच्या कमिटी बैठकीत ठेवावा लागतो आणि त्यावरचा निर्णय पुढच्या १५ दिवसांत अर्जदाराला कळवावा लागतो.

प्रश्न असा, की त्या पत्रात लिहायचं काय? बहुतेक पत्रांत मनस्ताप भरपूर असतो आणि माहिती जवळजवळ नसते. "वारंवार सांगूनही", "बेजबाबदार वर्तन", "योग्य ती कारवाई". हे वाचून वरचा शेजारी चिडतो, प्लंबरला मात्र काहीच कळत नाही. खरं तर गळती कधी होते आणि कधी थांबते, या एका गोष्टीवरून ती कुठून होते याचा बराचसा अंदाज येतो. खर्च कोणाचा, हेही त्याच्यावरच ठरतं.

बाथरूममधलं पाणी खाली यायला साधारण चार वाटा असतात. भिंतीत गाडलेल्या नळाच्या पाइपात कायम दाब असतो. तो फुटला तर वर कोणी अंघोळ करो वा न करो, रात्री दोनलाही थेंब चालूच राहतो. सांडपाण्याच्या वाटेचं उलट असतं. न्हाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतली पाणी जायची जाळी आणि तिच्याखालचं भांडं, किंवा त्याला जोडलेला पाइप सुटला असेल तर पाणी वापरल्यावरच गळतं आणि थोड्या वेळाने थांबतं. तिसरी वाट लाद्यांच्या सांध्यांची. तिथून शिरलेलं पाणी खालच्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात साठतं आणि वॉटरप्रूफिंग खराब झालेलं असेल तिथून सावकाश झिरपतं. मग थेंब क्वचितच पडतो, ओल मात्र हटत नाही. चौथी वाट डक्टमधल्या उभ्या सामायिक पाइपची. तेव्हा ओल सहसा डक्टच्या बाजूच्या भिंतीवर जास्त असते.

या शेवटच्या वाटेत वरच्या शेजाऱ्याचा काहीच दोष नसतो. बाहेरच्या सामायिक जलवाहिन्या, ड्रेनेज आणि पावसाची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. संडास, न्हाणीघर, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च मात्र त्या फ्लॅटधारकाचा. उपविधींच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत कलमांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून पत्रात क्रमांक घालायचाच असेल तर तो आपल्या सोसायटीच्या छापील पुस्तिकेतून बघून घालावा. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून उचललेला चुकीचा क्रमांक समोरच्याला आयता मुद्दा देतो.

आता एक प्रसंग धरू. चार मजली सोसायटी, गळती २०३ मध्ये, वर ३०३. २०३ मधल्या बाईंनी भांडणाआधी एक साधी गोष्ट केली. स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारली, रेघेशेजारी तारीख लिहिली, आणि आठ दिवस वहीत वेळा टिपल्या. सकाळी सव्वासातच्या सुमाराला थेंब सुरू होई, अकरापर्यंत बंद पडे. गणपतीला वरचे लोक पाच दिवस कोकणात गेले, त्यात दुसऱ्या दिवशी थेंब थांबला.

म्हणजे सांडपाण्याचा पाइप! असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण त्यात दोन खोड्या आहेत. सोसायटीत पाणी ठरावीक वेळीच, सकाळी साडेसहा ते साडेआठ, सोडत असतील तर नळाच्या पाइपातला दाबही तेवढाच वेळ असतो आणि फुटका नळाचा पाइपही सकाळीच गळतो. शिवाय गावाला जाताना वरच्यांनी मुख्य कॉक बंद केला असेल तर पाच दिवसांचा कोरडेपणा काहीच सिद्ध करत नाही. बाईंनी दोन्ही गोष्टी विचारून घेतल्या. पाणी चोवीस तास होतं, आणि मागच्या झाडांना पाणी घालायला मोलकरीण येत असल्यामुळे कॉक उघडाच होता. तेव्हा कुठे त्यांनी पत्र लिहिलं:

"प्रति, मा. सचिव. विषय: सदनिका क्र. २०३ च्या न्हाणीघराच्या छतातून होणाऱ्या गळतीची पाहणी करणेबाबत.

महोदय, माझ्या न्हाणीघराच्या छतातून १२ ऑगस्टपासून पाणी गळत आहे. डाग दाराकडून आत सुमारे तीन फुटांवर आहे. १२ तारखेला तो एक वीत रुंद होता, आज दोन वीत आहे. रोज सकाळी सव्वासातच्या सुमारास गळती सुरू होते व अकराच्या आत थांबते. वरील सदनिका पाच दिवस बंद असताना, नळाचे पाणी चालू असूनही, दुसऱ्या दिवसापासून गळती थांबली होती. डक्टच्या बाजूची भिंत कोरडी आहे. गीझरची वायर डागापासून एक फुटावर असल्याने मी गीझर बंद ठेवला आहे.

कृपया दोन्ही सदनिकांची एकत्र पाहणी करावी, सोबत प्लंबर असावा, आणि जमिनीवर पाणी साठवून चाचणी घ्यावी. मी कोणत्याही रविवारी घरी आहे. गळतीचे कारण ठरल्यावर खर्च कोणी करायचा हे उपविधींनुसार ठरवावे. तारखेसह चार छायाचित्रे जोडली आहेत. प्रत माहितीसाठी: सदनिका क्र. ३०३."

या पत्रात वरच्यांवर एकही आरोप नाही, आणि तरीही जवळजवळ सगळं सांगून झालं आहे. गीझरचं वाक्य मुद्दाम घातलेलं आहे. ओल्या छतालगत वायर आहे म्हटल्यावर "पावसाळा संपू द्या, मग बघू" असं म्हणणं कमिटीला जड जातं. "प्रत माहितीसाठी" हीसुद्धा सभ्यतेची ओळ आहे, कारण आपल्याबद्दलचं पत्र नोटीस बोर्डावरून कळलं की कोणाचंही डोकं फिरतं. पत्राच्या दोन प्रती नेऊन एकीवर तारखेसह पोच घेतली. सोसायटीचा शिक्का वॉचमनच्या टेबलात असतो, तेवढा एक मिनिटाचा हट्ट करावा.

पुढच्या रविवारी सेक्रेटरी, कमिटीतले एक काका आणि प्लंबर वर गेले. प्लंबरने न्हाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवलं आणि उंबरठ्याच्या खालपर्यंत, दीडेक इंच पाणी भरलं. पाणी २४ तास तसंच ठेवायचं होतं. वरच्या बाईंनी एक दिवस दुसरं बाथरूम वापरायला कुरकुर करत का होईना, होकार दिला. खाली छतावर काहीच झालं नाही. सोमवारी सकाळी फडकं काढलं, साठलेलं पाणी एकदम निघून गेलं आणि वीस मिनिटांत २०३ मध्ये थेंब सुरू झाला.

याचा अर्थ लाद्या आणि वॉटरप्रूफिंग निदान त्या दिवशी तरी धड होते. सुटला होता तो ट्रॅपपासून डक्टकडे जाणारा पाइप किंवा त्याचा सांधा. ही चाचणी झाली नसती तर एखाद्या ठेकेदाराने अख्खी जमीन फोडून नवं वॉटरप्रूफिंग करायचा खर्च सांगितला असता, किंवा दुसऱ्याने लाद्यांच्या फटी पांढऱ्या ग्राउटने भरून पैसे घेतले असते आणि पाणी तसंच गळत राहिलं असतं. इथे ट्रॅपभोवतीच्या चार लाद्या काढून काम झालं. पाइप ३०३ च्या आतला, म्हणून खर्च ३०३ चा. लाद्या आणि स्लॅबच्या मधला पाइप सामायिकच धरला पाहिजे, असं वरचे काका थोडा वेळ म्हणाले. पण तो फक्त त्यांच्याच न्हाणीघराचं पाणी वाहतो, हे सेक्रेटरींनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

सगळ्याच सोसायट्यांत हे इतकं सोपं होत नाही. वरचा दारच उघडत नाही, किंवा फ्लॅट भाड्याने दिलेला आणि मालक परदेशात असतो. तेव्हा कमिटी नोटीस देऊन काम करून घेऊ शकते, कारण दुरुस्तीसाठी आत येऊ देणं उपविधींनुसार सदस्यावर बंधनकारक आहे. कमिटीच हलली नाही तर दुरुस्ती आणि गळतीचे वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. तिथेही पहिला पुरावा पोच घेतलेलं तेच पत्र आणि तारखांची वही. रागाने मेंटेनन्स थांबवणं मात्र टाळावं. थकबाकीवर व्याज चढतं आणि तक्रारदार स्वतःच थकबाकीदारांच्या यादीत जाऊन बसतो.

दुरुस्तीनंतरचा महिना शेजारधर्माच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट. वरच्यांनी पैसे खर्च केलेले असतात, खाली छत अजून ओलंच असतं. स्लॅब आणि प्लास्टरमध्ये मुरलेलं पाणी निघायला कित्येक आठवडे लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. घाईने रंग दिला की आतली ओल तो पुन्हा उचकटून टाकते. कुठे प्लास्टर फुगून पोकळ वाजत असेल तर ते खरवडून आतली सळई बघायला हवी. गंजलेलं लोखंड मूळ जागेपेक्षा जास्त जागा घेतं आणि काँक्रीट फोडत सुटतं. नुसत्या रंगाने ते थांबत नाही.

२०३ मधल्या बाई आठवड्याला एकदा स्टुलावर चढत होत्या. पहिले दोन रविवार डाग होता तेवढाच होता. तिसऱ्या रविवारी त्याची कड पेन्सिलीच्या रेघेच्या आत बोटभर सरकलेली दिसली. त्यांनी आत दुसरी रेघ मारली, तारीख टाकली, फोटो काढला आणि तो सेक्रेटरींना आणि ३०३ ला, दोघांनाही पाठवला.