तरुण विधुराला चिठ्ठी लिहिताना: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाळूजच्या कंपनीत काम करणारा तिशीतला माणूस. बायको अचानक गेली, मागे सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. कॉलनीच्या आणि कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एखादा सल्ला देऊन जातो. अशा वेळी त्याला चार ओळी वेगळ्या लिहाव्यात असं एखाद्याला वाटतं आणि पेन अडतं. ते अडतं, कारण अशा चिठ्ठीत काय असावं याबद्दलच्या आपल्या कल्पना बऱ्याचदा चुकीच्या असतात. छत्रपती संभाजीनगरात हमखास ऐकू येणाऱ्या पाच समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १: धीर देणारं एखादं वाक्य हवंच.

वस्तुस्थिती: धीर द्यायला म्हणून आपण जी वाक्यं उचलतो, ती दुसऱ्याच कुणासाठी तयार झालेली असतात. ‘अहेवपणी गेली, भाग्याची होती’ हे त्यातलं सगळ्यात रुळलेलं. वैधव्य बाईच्या वाट्याला काय काय आणायचं हे ठाऊक असलेल्या बायकांनी नव्वदीच्या सवाष्णीबद्दल ते म्हटलं, तर त्याला काही अर्थ होता. पण बत्तिसाव्या वर्षी गेलेल्या बाईच्या नवऱ्याने ते ऐकलं, की त्याला एवढंच कळतं की आपण मागे राहिलो हेच तिचं भाग्य. ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात’ याचीही तीच गत.

यात मुलांचीही एक बाजू आहे. साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण कायमचं असतं हे नीट उमगलेलं नसतं आणि ती शब्द जसाच्या तसा धरतात. ‘आई देवाघरी गेली’ म्हटलं की ‘मग परत कधी येणार?’ हा प्रश्न ठरलेला. ‘झोपली’ म्हटलं तर काही मुलं स्वतःच झोपायला घाबरतात. घरात आलेली चिठ्ठी आजी मोठ्याने वाचते, नाही तर वाचायला शिकलेली मुलगी स्वतःच अक्षरं लावते. म्हणून ‘वहिनी गेल्या, फार वाईट वाटलं’ एवढं सरळ लिहावं. कारण शोधू नये, त्या मरणाला अर्थ देऊ नये.

गैरसमज २: आपलेपणा आहे, तर पुढचं सांगायलाच हवं.

वस्तुस्थिती: ‘आता तूच आई आणि तूच बाप’, ‘मुलांसमोर रडू नको’, ‘धाकट्याला गावी आजीकडे ठेव’, आणि वर्ष उलटायच्या आत ‘मुलांसाठी तरी दुसरं कर’. हे सगळं त्याने आधीच चार ठिकाणी ऐकलेलं असतं. प्रत्येक सल्ल्याला त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं आणि निर्णय मात्र एकही सोपा होत नाही.

विधुराच्या लग्नाची घाई ही आपली जुनी रीत आहे. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. विधवाविवाहाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या माणसाचं लग्न वडिलांनी लगोलग अकरा वर्षांच्या मुलीशी लावून दिलं. त्याच रमाबाई रानडे. पुढे तो संसार मोठा झाला, पण तो निर्णय त्या वेळी त्यांचा नव्हता. १८९१ मध्ये धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या, तेव्हा त्यांचा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. कर्व्यांनी केलं तर विधवेशीच लग्न करायचं असं ठरवलं आणि १८९३ च्या मार्चमध्ये ते केलं. दोघांचीही दुसरी लग्नं झाली. फरक निर्णय कोणाचा आणि तो कोणत्या वेळी, एवढ्याचा. म्हणून चिठ्ठीत या विषयाला जागाच नाही, होकाराला नाही आणि नकारालाही नाही.

सल्ल्याऐवजी स्थिरता का द्यायची, याला आधार आहे. बोस्टन परिसरात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या सव्वाशे शाळकरी मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. मागे राहिलेला पालक किती सावरलेला आहे, यावर मुलांचं सावरणं सगळ्यात जास्त अवलंबून असल्याचं त्यांना दिसलं. आई गेलेल्या घरांत रोजच्या दिनक्रमाची मोडतोड अधिक झालेली दिसली. तिथली घरं आणि आपली घरं वेगळी. आपल्याकडे आजी, आत्या, मावशी धावून येतात. पण डबा कोण भरणार, शाळेच्या रिक्षात कोण बसवणार, ही मोडतोड इथेही तशीच होते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने हात लावायचा तो तिथे.

गैरसमज ३: तिचा विषय काढला तर त्याला त्रास होईल.

वस्तुस्थिती: तो तिला विसरलेला नसतो, त्यामुळे आपण आठवण करून देण्याचा प्रश्नच नाही. उलट महिन्याभरात सगळेच तिचा उल्लेख टाळू लागतात आणि घरात तिच्याबद्दल बोलणारा तो एकटाच उरतो. गेलेल्या माणसाशी नातं तोडूनच माणूस सावरतो, हा समज अभ्यासकांनीही आता मागे टाकला आहे. आईबद्दल बोलत, तिच्या वस्तू जवळ ठेवत मुलं तिच्याशी नातं टिकवतात आणि ते निरोगी असू शकतं.

मात्र ‘फार प्रेमळ होत्या, सगळ्यांना धरून होत्या’ हे कुणाबद्दलही लिहिता येतं. तुम्ही स्वतः पाहिलेली एकच गोष्ट लिहा, आणि तिला ज्या नावाने हाक मारत होता त्याच नावाने: वहिनी, ताई, मॅडम, जे असेल ते. ही ओळ मुलं मोठी झाल्यावर वाचतील. आईसोबतचे दिवस त्यांना फारसे आठवणार नाहीत, म्हणून या ओळीला मोल आहे.

गैरसमज ४: ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं की झालं.

वस्तुस्थिती: हे वाक्य मनापासून लिहिलेलं असतं, पण काम त्याच्यावरच टाकतं. काय लागतं हे त्याने शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग संकोच गिळून फोन करायचा. तसा फोन सहसा येत नाही. त्याऐवजी एक काम, एक वेळ आणि एक मुदत लिहावी.

या शहरात असं काम शोधायला लांब जावं लागत नाही. जायकवाडीचं पाणी इथल्या नळांना वर्षानुवर्षं कित्येक दिवसांच्या अंतराने येत आलं आहे. पाणी यायच्या दिवशी घरात कुणी नसलं, तर पुढचे काही दिवस टँकरवर जातात. नवरा-बायको असताना हे काम न बोलता वाटलेलं असतं. ती गेल्यावर फर्स्ट शिफ्टला गेलेल्या माणसाच्या घरी मोटार कोण लावणार? शेजाऱ्याने लिहिलेली ही कल्पित चिठ्ठी बघा:

> भाऊ,
> वहिनी गेल्या, फार वाईट वाटतंय. गच्चीवर पापड करायला बसल्या की त्या आधी गल्लीतल्या सगळ्या पोरांना हाका मारून लाट्या वाटायच्या. आमच्या पोराला अजून ती चव आठवते.
> आपल्या लाइनला पाणी येईल त्या दिवशी तुझी टाकी भरून मोटार बंद करायचं काम माझं. तुझी फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात मोठीला रिक्षात मी बसवून देईन. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत हे ठरलं. नको असेल तर नुसतं ‘नको’ लिही, मला राग येणार नाही.
> या चिठ्ठीला उत्तर द्यायची गरज नाही.

हिच्या पहिल्या खर्ड्यात ‘खंबीर राहा’ होतं, ‘वेळ हेच औषध’ होतं आणि ‘आम्ही कायम तुझ्या पाठीशी आहोत’ हेही होतं, असं समजा. पहिली दोन वाक्यं काढली, कारण ती त्याच्याकडून काहीतरी मागतात. तिसरं काढलं, कारण ‘कायम’ कुणालाच पाळता येत नाही. सुट्टीपर्यंतचं पाणी पाळता येतं. उत्तर नको ही शेवटची ओळ सौजन्यापुरती नाही. ती नसेल तर त्याच्या डोक्यावर आणखी एक ‘धन्यवाद’ उरतो.

आश्वासन छोटं ठेवण्याचं कारण मुलं आहेत. आई एक दिवस नाहीशी झाली, हे त्यांनी नुकतंच पाहिलंय. मोठ्या तोंडाने ‘दर रविवारी बागेत नेईन’ म्हणणारा काका तिसऱ्या रविवारी आला नाही, तर ते त्यांना लागतं. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच सांगावं.

लिहिणारी शेजारीण असेल तर आणखी एक व्यवहार सांभाळावा लागतो. तरुण विधुराच्या घराकडे गल्लीचं लक्ष असतं. चिठ्ठी नवरा-बायको दोघांच्या नावाने लिहावी किंवा त्याच्या आईला उद्देशून लिहावी. मदत तीच राहते आणि लोकांच्या तोंडाला विषय मिळत नाही.

गैरसमज ५: तेराव्याच्या आत पोहोचली नाही तर उपयोग नाही.

वस्तुस्थिती: पहिल्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, कडू घासापासून सगळं जेवण बाहेरून येतं आणि त्याला चार ओळीही वाचायचं भान नसतं. तेरावा झाला की गाड्या परत जातात. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर, मुस्लिम घरात चाळिसाव्यानंतर हेच होतं. रिकाम्या घरातली पहिली सकाळ तिथून सुरू होते. तेव्हा आलेली चिठ्ठी वाचली जाते.

त्याही पुढचे दिवस आहेत. जूनमध्ये शाळा उघडते आणि पालकांच्या सभेला तो एकटा जातो. पहिल्या वर्षी घरात सण नसतो, पण शेजारी फटाके वाजतात. पुढे पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात, म्हणजे तो दिवस खास तिचाच असतो. बोस्टनच्या अभ्यासात काही मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त दिसल्या, आणि तोवर विचारपूस तर संपलेली असते. तेव्हा उशीर झाला म्हणून लिहायचं सोडू नये. उशिराच्या चिठ्ठीत माफी मागण्यात ओळी घालवू नयेत, थेट तिच्या आठवणीने सुरुवात करावी.

चिठ्ठी हातची असावी की फोनवरची, याने फारसं बिघडत नाही. फक्त ती ग्रुपवर न टाकता त्याला एकट्याला पाठवावी. पाठवण्यापूर्वी एकदा वाचून त्यातली आज्ञार्थी क्रियापदं मोजावीत: राहा, बघ, कर, सावर. ‘नको असेल तर नको लिही’ याखेरीज एखादं उरलंच असेल, तर तो सल्ला आहे, तो खोडावा. मग पाणी कोणत्या दिवशी येतंय ते लाइनमनला विचारून ठेवावं.