पहिल्यांदाच देताय? फलकावरच्या चार ओळींची करामत

कागल तालुक्यातल्या, वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या गावात रक्तदान शिबिर नवं नाही. शिवजयंती असो, गणपती असो, नाहीतर एखाद्या नेत्याचा वाढदिवस, मंडप पडतो, कोल्हापूरहून रक्तपेढीची गाडी येते आणि चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर आठ-दहा चेहरे असतात आणि खाली उरलेल्या जागेत तीच ओळ: ‘रक्तदान हेच श्रेष्ठ दान’. ही ओळ कुणाला खटकत नाही. पण फ्लेक्सखाली घुटमळणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला तिचा काडीचा उपयोग नसतो. दान श्रेष्ठ आहे हे त्याला शाळेपासून पाठ आहे. त्याच्या मनात वेगळंच चाललेलं असतं: “सुई लई जाड असती म्हणं. आणि चक्कर आली तर पोरं हसतील की!”

आता यातला विलक्षण भाग सांगतो. त्या पोराला चक्कर येणार की नाही, हे थोडंफार तो फलकावर काय वाचून आला यावरही ठरू शकतं.

रक्त देताना काहींना भोवळ येते. अशांचं प्रमाण कमी असतं, पण त्यात पहिल्यांदा देणारे, वयाने लहान आणि अंगाने बारीक असलेले जास्त असतात. सगळ्यांना वाटतं, रक्त गेलं म्हणून चक्कर आली. ते अर्धंच खरं. काही जणांना सुई नुसती दिसली तरी डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हा तर एक थेंबही गेलेला नसतो. भीतीने आधी छाती धडधडते आणि मग शरीर अचानक उलट्या दिशेला जातं. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा वेग उतरवतो, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. तोंड पांढरं पडणं, जांभया येणं, कपाळावर गार घाम फुटणं ही त्याची आगाऊ सूचना असते. रक्त गेल्याने हे घडणं सोपं होतं, पण भीती हे त्याचं एक मोठं कारण आहे. म्हणजे घाबरवणारा फलक माणसाला नुसता घरी बसवत नाही. जो तरीही आला, त्याला तो टेबलावर आडवा पाडण्याच्या जरा जवळ नेऊन ठेवतो.

मग त्या जागी काय लिहायचं? ‘घाबरू नका’ ही ओळ चटकन सुचते, पण ती वाचून कुणाची भीती गेल्याचं ऐकिवात नाही. उपाय वेगळा आहे. भोवळ टाळायला माणसाला स्वतः काहीतरी करता येतं आणि तेच फलकावर लिहिता येतं. रक्त देण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात दोन मोठे ग्लास, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी प्यायलं की काही काळ रक्तदाब सावरून धरला जातो आणि भोवळ येण्याची शक्यता कमी होते. दुसरी युक्ती स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात रक्त पाहून बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी बसवली. मांड्या आणि पोटऱ्या काही सेकंद घट्ट आवळायच्या, मग सोडायच्या, पुन्हा आवळायच्या. आवळलेले स्नायू पायांत साचू पाहणारं रक्त वर ढकलतात. सुई ज्या हातात असते तो हात मात्र ढिलाच ठेवायचा.

अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाचे क्रिस्तोफर फ्रान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच धाग्यावर एक माहितीपत्रक तपासलं. नेहमीच्या पत्रकात रक्तदानाचं महत्त्व असतं. यांच्या पत्रकात लोकांना नेमकी कशाची भीती वाटते आणि त्यावर काय करायचं, हे होतं. ते वाचणाऱ्यांची धास्ती कमी झाली, ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला आणि रक्त देण्याची तयारीही. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, जॅनिस आणि फेशबाक या दोघांनी दातांच्या निगेवर व्याख्यानं देऊन पाहिली होती. किडक्या दातांची सगळ्यात भयंकर वर्णनं ज्यांना ऐकवली, त्यांनीच सल्ला सगळ्यात कमी पाळला. माणूस घाबरला की धोक्यापासून पळतो, हे आपल्याला कळतं. तो सल्ल्यापासूनही पळतो, हे ध्यानात येत नाही.

म्हणून ‘दोन ग्लास पाणी पिऊन या’ ही साधी ओळ मला फार हुशार वाटते. ती निमंत्रण आहे आणि उपचारही आहे. तिच्यात उपदेश नाही, उलट वाचणाऱ्याला स्वतः करण्याजोगं एक काम आहे.

पुढचा प्रश्न सुईचा. इथे फलक लिहिणाऱ्याला खोटं बोलण्याचा मोह होतो: ‘मुंगी चावल्यासारखं वाटतं’. रक्तदानाची सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा जाडच असते, जवळपास दीड मिलिमीटर. तिला कारण आहे. बारीक सुईतून रक्त हळू येतं, पिशवी भरायला वेळ लागतो, वाटेत रक्त गोठू शकतं आणि पेशी फुटू शकतात. जाड सुईमुळे पिशवी साधारण पाच ते दहा मिनिटांत भरते. ‘काही कळतच नाही’ असं वाचून आलेल्याला पहिल्याच सेकंदाला कळतं की फलक खोटा होता, मग बाकीच्या गोष्टींवर तो कशाला विश्वास ठेवेल? त्यापेक्षा ‘सुई टोचताना कळते. मग दहा मिनिटं पडून राहायचं’ हे बरं. दुखणं किती आणि कुठवर, हे आधी माहीत असलं की ते आवाक्यातलं वाटतं. एक पथ्यही पाळावं: फलकावर सुईचं चित्र नको आणि टपकणारा लाल थेंबही नको.

तालमीच्या मुलुखात तिसरी शंका सगळ्यात जुनी: “रक्त दिलं की ताकद जाती.” हिला हसण्यावारी नेऊ नये, तिचं उत्तर थक्क करणारं आहे. साठ किलोच्या माणसात साडेचार लिटरच्या आसपास रक्त असतं. शिबिरात बहुधा ३५० मिलिलिटर घेतात, म्हणजे बारा-तेरा भागांतला एक. त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. उरल्या तांबड्या पेशी. एका पिशवीत त्या साधारण पावणेदोन लाख कोटी असतात. आकडा वाचून धडकी भरते, पण हाडांतला मगज दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त नव्या तांबड्या पेशी बनवत असतो, आत्ता हे वाचतानासुद्धा. हिशेब मांडला तर अख्खी पिशवी म्हणजे त्याचं दहा दिवसांचं काम. मात्र ते रोजचं उत्पादन म्हाताऱ्या पेशींच्या जागी खर्ची पडत असतं. तेव्हा रक्त कमी झाल्याची चाहूल मूत्रपिंडांना लागते, ती मगजाला जादा कामाचा निरोप धाडतात आणि तूट काही आठवड्यांत भरते. लोह भरून यायला त्याहून वेळ लागतो. म्हणूनच पुरुषांना तीन महिने आणि स्त्रियांना चार महिने थांबायला सांगतात.

याचा प्रामाणिक अर्थ असा की दम लागणाऱ्या कसरतीत थोडे दिवस फरक जाणवू शकतो. पैलवानाला ते लपवू नये. त्याच्यासाठी ओळ अशी: ‘कुस्ती तोंडावर असेल तर नंतर या. आज रक्त दिलं तर आज जोर-बैठका नकोत.’ ऊसतोडीला किंवा ओझं उचलायला जाणाऱ्यालाही हाच सल्ला. आणि मोटारसायकलवर आलेल्याला: ‘पंधरा मिनिटं बसा, सरबत घ्या, मगच किक मारा.’ कारण भोवळ कधीकधी टेबलावर येत नाही, उठून चालायला लागल्यावर येते.

आता अपराधीपणाची गोष्ट. ‘तुमच्या रक्ताअभावी कुणीतरी मरतंय’ अशा ओळीने लोक येतात का? काही येतीलही. पण तिचा धोका रक्ताच्या पिशवीपर्यंत पोचतो. रक्त घेण्याआधी फॉर्मवर प्रश्न असतात: कावीळ झाली होती का, औषधं चालू आहेत का, नुकतं गोंदवलं आहे का, असे. पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी होतेच. पण संसर्ग अगदी ताजा असला तर काही दिवस तो तपासणीत सापडत नाही. त्या दिवसांत रुग्णाचं रक्षण करतं ते रक्तदात्याचं खरं उत्तर. मित्रांच्या घोळक्यात, लाजेखातर टेबलापर्यंत आलेल्या पोराला ‘मला देता येणार नाही’ म्हणणं जड जातं. शिवाय ज्यांचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली किंवा वजन ४५ किलोच्या आत, त्यांना परत पाठवावंच लागतं आणि त्यात मुली बऱ्याच असतात. त्यांच्या माथी ‘कुणीतरी मरतंय’ मारून घरी धाडणं हा अन्याय आहे.

आणि अशा घाईची गरजही नसते. नेहमीच्या पिशवीतलं रक्त थंड ठेवलं तरी ३५ दिवसच टिकतं, काही द्रावणांत ४२. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. म्हणजे आजची पिशवी हवीच, पण दोन महिन्यांनीही तितकीच हवी असते. म्हणून ‘आज नाही जमलं तर पुढच्या शिबिराला या’ ही ओळ गुळमुळीत नाही, ती वस्तुस्थिती आहे. उन्हाळ्यात आणि दिवाळीत कॉलेजं बंद असतात, शिबिरं आटतात आणि तुटवडा येतो. तेव्हा उपयोगी पडतो तो पहिल्या वेळी ज्याचा अनुभव चांगला गेला तो.

तर मुरगुडात फ्लेक्स छापायचाच झाला, तर मी असा छापीन:

पहिल्यांदाच देताय?
जेवून या. दोन ग्लास पाणी पिऊन या.
सुई टोचताना कळते. मग दहा मिनिटं पडून राहायचं.
नको वाटलं तर नाही म्हणा. कारण कुणी विचारणार नाही.

खाली तारीख, वेळ, जागा आणि शंका विचारायला एक नंबर. चेहरे नकोत.

शेवटची ओळ छापण्याआधी मात्र मंडळाने ती पाळायची तयारी ठेवावी. फॉर्म भरायची जागा गर्दीपासून आडोशाला असावी आणि परत फिरणाऱ्यालाही सरबत मिळावं. ते जमणार नसेल तर ओळ छापू नका.

आणि फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी एक काम करा. ज्याने कधीच रक्त दिलेलं नाही अशा एकाला मजकूर वाचायला द्या आणि विचारा, “अजून काय विचारावंसं वाटतंय?” तो जे विचारेल त्याचं खरं उत्तर ही तुमची पुढची ओळ.