फोटोतला भाजलेला भाग मोजताना

दीड वर्षाच्या मुलाच्या अंगावर उकळता चहा सांडला आहे आणि गावातल्या डॉक्टरांनी फोटो पाठवला आहे, असं समजू. किती टक्के भाजलं?

मोठ्या माणसासाठी ‘नऊचा नियम’ सोपा आहे: डोकं ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धडाची पुढची बाजू १८, पाठ १८, जननेंद्रियाचा भाग १. तान्ह्या मुलाचं डोकं मात्र जवळपास १८ टक्के भरतं आणि पाय त्या मानाने लहान असतात, म्हणून इथे तळहात बरा. बोटांसकट रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे साधारण १ टक्का. डॉक्टरांचा नव्हे, मुलाचा! फोटोत छातीवर असे आठ आणि हातावर तीन तळहात बसले, तर ११ टक्के. भोवतीची नुसती लाली, फोड नसलेली, यात धरायची नाही. ती धरली की आकडा फुगतो. मुलांमध्ये १० टक्क्यांच्या वर सलाईनचा हिशेब करावा लागतो, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा.

खोलीचा अंदाज अवघड. गुलाबी, ओलसर, फोड आलेली जखम बहुधा वरवरची; पांढरट, कोरडी, चामड्यासारखी जखम खोल. पण दाबल्यावर रंग परततो का, दुखतं का, हे फोटो सांगत नाही. शिवाय जखम दोन-तीन दिवसांत आणखी खोल जाऊ शकते.

फोटो काढण्याआधी हळद किंवा टूथपेस्ट लावू नका.