उपवास आणि लोहाची गोळी

संकष्टीच्या सकाळी मावशीने नेहमीच्या वेळी लोहाची गोळी घेतली. एरवी ती पोहे-उपमा खाऊन घेते. त्या दिवशी पोटात नुसता कपभर चहा होता. तासाभरात मळमळ, पोटात कळ. सगळ्यांना वाटलं, उपवासाचं पित्त. पुढच्या संकष्टीला पुन्हा तेच झालं, तेव्हा गोळीकडे लक्ष गेलं.

लोहाचे क्षार जठराच्या अस्तराला बोचतात. पोटात अन्न असलं की ती बोच कमी होते. खरं तर लोह रिकाम्या पोटी जास्त शोषलं जातं, आणि ज्यांना सोसतं त्यांनी तसं घ्यावंही. पण उलटून पडणाऱ्या गोळीचा उपयोग काय? त्यात चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. म्हणजे मावशीला त्रास झाला आणि लोहही फारसं मिळालं नाही.

संकष्टीला उपाय सोपा आहे. चंद्रोदयानंतर जेवण होतंच. त्यानंतर पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नये, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथेच जळजळते. एकादशीला दुपारच्या वरी-आमटीनंतर घ्यावी. शेंगदाण्यामुळे शोषण थोडं घटतं, पण पोट शांत राहतं. सोबत लिंबू सरबत चालेल, त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला मदतच करतं. चहा आणि दूध मात्र दोन तास लांब ठेवावं. निर्जळी उपवासात गोळी कोरडी गिळू नये.

एक दिवस गोळी चुकली तर? लोह घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं शोषण रोखतं. म्हणूनच काही जणींना डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. पंधरवड्यातली एक एकादशी सुटल्याने रक्त उतरत नाही. नवरात्राचे नऊ दिवस मात्र सोडू नयेत, आणि गरोदर बाईने एकही दिवस स्वतःच्या मनाने सोडू नये.

कॅल्शियमच्या पाकिटावर ‘कार्बोनेट’ लिहिलेलं असेल तर ते फराळानंतरच घ्यावं. ते विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि खाल्लं की ते आम्ल सुटतं. ‘सायट्रेट’ कधीही चालतं. कोणतंही असलं तरी लोहाबरोबर एका वेळी नको. जस्ताची गोळीही रिकाम्या पोटी मळमळवते. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची साठ हजार युनिटची पुडी स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणानंतर चांगली शोषली जाते, म्हणून ती सरळ दुसऱ्या दिवशी घ्यावी. बी-१२ला अन्नाची वाट पाहावी लागत नाही.

लोहाने शौच काळपट होतं, त्याची भीती नको. पण डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं शौच झालं आणि चक्कर येऊ लागली, तर ते पोटातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी पारणं फिटायची वाट न बघता दवाखाना गाठावा.