जुनं यंत्र विकून नवं घ्यायचं? आधी फरकाचा हिशेब मांडा

उदगीर : तुरीचा हंगाम जवळ आला की डाळ मिलवाल्यांच्या बैठकीत एकच विषय निघतो. जुना रोलर तुकडा फार पाडतोय, वीज खातोय, दर महिन्याला मिस्त्री बोलवावा लागतोय. नवा घ्यावा का? यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतो, "आठ लाखाचं यंत्र दोन लाखाला द्यायचं म्हणजे सहा लाखाचा तोटा." दुसरा म्हणतो, "बारा लाखाचं यंत्र वर्षाला तीन लाख देतंय, चार वर्षांत फिटलं." या दोन्ही हिशेबांत चूक आहे. ती कुठे आहे, हे एका उदाहरणावरून पाहू.

दोघा भावांची भागीदारी फर्म आहे असं धरू. मिल वर्षाला ३,००० क्विंटल तूर भरडते. साल काढणारा जुना रोलर त्यांनी सहा वर्षांपूर्वी ८ लाखाला घेतला होता. यंत्रावर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो आणि तो उरलेल्या किमतीवर धरतात. त्यामुळे प्राप्तिकराच्या हिशेबात या रोलरची किंमत आता सुमारे ३ लाख उरली आहे. बाजारात त्याचे २ लाख येतात. नवा रोलर वाहतूक, फिटिंग आणि जीएसटीसह १२ लाखाला बसतो. मिल सुटी डाळ विकते, तिच्यावर जीएसटी नाही. म्हणून यंत्रावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो किमतीतच धरायचा.

गेलेले आठ लाख विसरायचे

थोरला भाऊ आठ लाखावर अडून बसतो. पण ते पैसे सहा वर्षांपूर्वीच गेले. रोलर ठेवला तरी ते परत येत नाहीत, विकला तरी येत नाहीत. दोन्ही वाटांवर जी रक्कम सारखीच राहते, ती निर्णयात धरायची नसते. आज प्रश्न एवढाच आहे : खिशातून निव्वळ किती जाणार? नव्याचे १२ लाख, त्यातून जुन्याचे आलेले २ लाख वजा. म्हणजे १० लाख.

विक्रीवर कर लागतो का?

इथे बरेच जण अडखळतात. जमाखर्चाच्या अनेक पुस्तकांत सरळ नियम दिलेला असतो : हिशेबातल्या किमतीपेक्षा जास्त आले तर नफा, त्यावर कर, कमी आले तर तोटा, त्यामुळे कर वाचतो. त्या हिशेबाने ३ लाखाचं यंत्र २ लाखाला गेलं म्हणजे १ लाखाचा तोटा आणि ३१,२०० रुपये करात बचत. भारतात धंद्याच्या यंत्रांना हे असं लागू होत नाही.

आपल्या प्राप्तिकर कायद्यात एकाच घसारा दराची सगळी यंत्रं एका गटात धरतात. एलिव्हेटर, चाळणी, मोटारी, रोलर सगळे त्या १५ टक्क्यांच्या गटात. नवं यंत्र आलं की त्याची किंमत गटात मिळवायची, जुनं विकलं की विक्रीचे पैसे गटातून वजा करायचे. विकलेल्या यंत्राचा वेगळा नफा-तोटा काढायचा नाही. या मिलच्या गटात १२ लाख आले, २ लाख गेले, गट १० लाखाने वाढला. त्या वर्षी विक्रीवर कर शून्य. जुन्या रोलरचे उरलेले ३ लाख गटातच राहतात आणि त्यावर घसारा मिळत राहतो, रोलर दारात असो वा नसो. म्हणून तेही फरकाच्या हिशेबात येत नाहीत.

कर कधी बसतो?

दोन वेळा. विक्रीची रक्कम सगळ्या गटाच्या किमतीपेक्षा जास्त झाली तर, किंवा वर्षाअखेर गटात एकही यंत्र उरलं नाही तर. छोट्या गिरणीत यंत्र एकच असतं, तिथे दुसरा धोका खरा आहे. समजा तशा एका फर्मच्या हिशेबात यंत्राची किंमत ८०,००० उरली आहे. मालकांनी ते २० मार्चला २ लाखाला विकलं आणि नवं एप्रिलमध्ये आणलं. ३१ मार्चला गट रिकामा. मग १,२०,००० रुपये अल्पकालीन भांडवली नफा ठरतो आणि ३१.२ टक्क्यांनी ३७,४४० रुपये कर बसतो. तेच नवं यंत्र ३१ मार्चच्या आत घेतलं असतं तर हा कर लागलाच नसता.

याच्या उलटही होतं. ३ लाखाचं एकमेव यंत्र २ लाखाला विकून गट रिकामा झाला, तर १ लाखाचा तोटा भांडवली तोटा ठरतो. तो डाळीच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातूनच होतो. म्हणून जुन्याची विक्री आणि नव्याची खरेदी एकाच आर्थिक वर्षात बसवावी.

आता वर्षाचा फरक

नव्या रोलरने उतारा एक टक्क्याने वाढतो असं धरू. ३,००० क्विंटलवर ३० क्विंटल डाळ जादा. पण हा माल आधीही फुकट जात नव्हता, चुणी म्हणून विकलाच जात होता. डाळीला १०,००० आणि चुणीला २,५०० भाव धरला तर खरा फरक क्विंटलमागे ७,५००, म्हणजे वर्षाला २,२५,०००. वीज ४०,००० ने आणि दुरुस्ती ३५,००० ने कमी. एकूण ३ लाख.

हे तीन लाख सगळे हातात येत नाहीत. फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. तो गेल्यावर उरतात २,०६,४००.

दुसऱ्या बाजूने वाढीव घसारा कर वाचवतो. पहिल्या वर्षी १० लाखावर १५ टक्के, म्हणजे दीड लाख. घसारा हा काही खिशातून जाणारा खर्च नाही, पण तेवढं उत्पन्न करातून सुटतं आणि ४६,८०० रुपये वाचतात. पुढच्या वर्षी घसारा उरलेल्या साडेआठ लाखावर मिळतो, म्हणून बचत ३९,७८० होते आणि दरवर्षी घटत जाते. दोन्ही मिळवून हातात येणारी जादा रक्कम अशी :

पहिलं वर्ष – २,५३,०००
दुसरं – २,४६,०००
तिसरं – २,४०,०००
चौथं – २,३५,०००
पाचवं – २,३१,०००
सहावं – २,२७,०००

सहा वर्षांनी नव्या रोलरचे ३ लाख येतील असं धरू. जुना ठेवला असता तर तेव्हा त्याचे भंगारात ५०,००० आले असते. म्हणून शेवटी फरकाचे अडीच लाखच धरायचे. सहा वर्षांनंतर गटात जे थोडं उरेल, त्यावरचा घसारा इथे सोडून दिला आहे.

बेरीज १६ लाख ८२ हजार होते. पण सहा वर्षांनी येणारा रुपया आजचा रुपया नसतो. हेच पैसे हंगामात तूर खरेदीत फिरवले तर कर भरून वर्षाला १२ टक्के सुटतात असं धरू. मग वर्षाने येणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ८९, आणि सहा वर्षांनी येणाऱ्या १०० ची जेमतेम ५१. या मापाने सगळ्या रकमांची आजची किंमत ११ लाख १५ हजार भरते. घातले १० लाख. फायदा आहे, पण १ लाख १५ हजारांचाच.

सगळं उताऱ्यावर

या हिशेबाचा जीव उताऱ्यात आहे. एक टक्क्याऐवजी अर्धाच टक्का वाढला तर फायदा जाऊन २ लाखाचा तोटा होतो. वर्षाला सुमारे २५ क्विंटल जादा डाळ निघाली तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. आणि विक्रेता जो उतारा सांगतो, तो बहुतेकदा चाळलेल्या, नीट वाळवलेल्या, एकसारख्या दाण्याच्या तुरीवरचा असतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी स्वतःच्या गोदामातली एकाच ढिगातली, सारख्या ओलाव्याची तूर दोन भागांत करावी. एक भाग जुन्या रोलरवर, एक नव्यासारख्या चालू यंत्रावर भरडून अख्खी डाळ, तुकडा आणि चुणी वेगवेगळी तोलावी. त्या वजनकाट्यावरचा आकडाच हिशेबात घालावा.

तारीख आणि रोख रक्कम

वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या नव्या यंत्रावर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे पूर्ण घसाऱ्यासाठी यंत्र ऑक्टोबर लागताच चालू झालेलं हवं. नुसतं बिल फाडून चालत नाही. तुरीच्या आवकेकडे बघून डिसेंबरात यंत्र बसवणाऱ्याची पहिल्या वर्षाची बचत निम्मी होते. उरलेला घसारा बुडत नाही, पुढे ढकलला जातो.

एका दिवशी एकाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरली जात नाही, तिच्यावरचा घसारा कायमचा जातो. जुन्या यंत्राचे २ लाखही रोखीने घेऊ नयेत. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

अनुमानित योजनेत असाल तर

ज्याला सगळे '४४ एडी' म्हणतात, त्या योजनेत उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून कर भरला जातो. त्या मिलवाल्याला घसाऱ्याची वेगळी बचत मिळत नाही. मात्र वीज आणि दुरुस्तीत वाचलेल्या पैशांवर जादा करही लागत नाही, जादा डाळीचा कर फक्त वाढलेल्या उलाढालीपुरता. वरच्याच आकड्यांत त्याच्या हातात वर्षाला तीन लाखांतले बहुतेक सगळे राहतात, म्हणजे सौदा जास्त फायद्याचा ठरतो. पण घसारा घेतलाच असं मानून यंत्राची हिशेबातली किंमत त्याच्याकडेही दरवर्षी कमी होते. त्यामुळे एकमेव यंत्र विकून गट रिकामा झाला तर भांडवली नफ्याचा कर त्यालाही चुकत नाही.

उत्पादकांना नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी जादा घसाऱ्याची तरतूदही आहे. डाळ भरडणं त्यात बसतं का, हे सीएकडून आधी विचारून घ्यावं. इथे ती सवलत धरलेली नाही. ती मिळाली तर आकडा सुधारेल. पण उतारा अर्ध्या टक्क्यावर अडकला, तर या भावांनी जुन्याच रोलरचा दगड बदलून आणखी एक हंगाम काढलेला बरा.