जोडावरचा ‘टक्’

पॉडकास्टचा पाहुणा बोलता बोलता खोकतो. संपादक तेवढा खोकला कापून काढतो, उरलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटवतो आणि हेडफोन लावून ऐकतो. खोकला गेलेला असतो, पण बरोबर जोडावर एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. तो मूळ ध्वनिमुद्रणात कुठेच नव्हता.

हा आवाज कात्रीने तयार केलेला आहे. पडद्यावर तो जोड खूप मोठा करून पाहिला की कारण डोळ्यांना दिसतं. समजा, पहिला तुकडा संपताना ध्वनीची लहर शून्याच्या वर 0.4 वर आहे आणि दुसरा तुकडा शून्याच्या खाली 0.3 वर सुरू होतो. एका सेकंदात 48,000 नमुने घेतलेल्या ध्वनिमुद्रणात लहर एका नमुन्यातून पुढच्या नमुन्यात जाताना थेट 0.7 ची उडी मारते. जिथे वळणदार रेघ हवी तिथे उभी पायरी दिसते. अशा अचानक उडीत खर्जापासून अगदी तीव्र स्वरांपर्यंत सगळं एकदम उमटतं, आणि कानाला ते ‘टक्’ असं ऐकू येतं.

यावरचा उपाय म्हणजे क्रॉसफेड. दोन्ही तुकड्यांची टोकं जराशी एकमेकांवर चढवायची. तेवढ्या वेळात पहिला आवाज उतरत जातो आणि दुसरा चढत येतो. 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड म्हणजे 480 नमुने. पायरीच्या जागी उतार येतो आणि ‘टक्’ नाहीसा होतो.

मात्र त्यासाठी कापलेल्या जागेच्या पलीकडे थोडा स्वच्छ आवाज शिल्लक हवा. तिथे लगेच खोकला सुरू होत असेल, तर क्रॉसफेडमधून त्याची सुरुवात डोकावते. मग जोडच थोडा मागे, एखाद्या शांत जागी सरकवावा.

लांबीचंही तारतम्य लागतं. बोलण्यासाठी 5 ते 20 मिलिसेकंद बहुधा पुरतात. भारदस्त, खर्जातल्या आवाजाची एक लहरच 10 मिलिसेकंदांची असते. तिथे 1 मिलिसेकंदाचा क्रॉसफेड दिला तर हलकासा धक्का जाणवत राहू शकतो. उलट तो 200 पर्यंत ताणला, तर दोन अक्षरं एकावर एक चढतात आणि माणूस दोन तोंडांनी बोलल्यासारखा वाटतो.

एवढं करूनही ‘टक्’ राहिलाच तर जोड थोडा सरकवून पुन्हा ऐकावं. आवाज बोलण्यात त्याच अक्षरापाशी राहिला, तर तो जोडाचा नाहीच. बोलणाऱ्याच्या जिभेचा किंवा माइकचा आहे.

संगणक येण्याआधी चुंबकीय फितीवर हेच काम ब्लेडने होत असे. फीत सरळ न कापता बहुधा 45 अंशांत तिरकी कापत. पाव इंची फीत सेकंदाला 38 सेंटिमीटर वेगाने धावत असली, की तो तिरका जोड हेडसमोरून जायला सुमारे 17 मिलिसेकंद लागत. म्हणजे ब्लेडच्या एका घावातच क्रॉसफेड होऊन जाई.